कारण विचारले जाणार नाही

त्या गुरुवारी सव्वा अकराची वेळ फक्त तेरा मिनिटं रिकामी राहिली. शर्मिला ओव्हाळनं भिंतीवरच्या घड्याळात ती मोजली, आणि तिला चक्क बरं वाटलं. हे बरं वाटणंच तिला अजून टोचतंय. कारण ज्यांची ती वेळ होती, ते दीनानाथ आगाशे तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरात जमिनीवर पडलेले होते, आणि चांगले जिवंत होते.

आता तेरा मिनिटांत बरं वाटण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. तर त्यासाठी आधीचं वर्ष बघायला हवं.

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर शर्मिलाचं फिजिओथेरपीचं क्लिनिक. दोन पलंग, चालायच्या सरावाचे दोन समांतर दांडे, आणि दाराशी टेबल टाकून बसलेल्या चंपाताई. हडपसरच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या सुखदेव ओव्हाळांची ही मुलगी. मोठ्या हॉस्पिटलातली बरी नोकरी सोडून तिनं हे मांडलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "बघ बाई, तुझं तुला कळतं." घरात याला आशीर्वाद म्हणतात.

पेशंट नव्हते असं नाही. पेशंट होते, पण ते यायचे नाहीत. फोन करून वेळ घ्यायची, ठासून सांगायचं की बरोब्बर साडेपाचला येतो, आणि साडेपाचला शर्मिला आपली पलंगावरच्या चादरीची घडी मोडून परत घालतेय. आठवड्याला साठ वेळा, त्यातल्या अकरा-बारा अशा फुकट. वर चार जण विचारून गेलेले असायचे की आज जागा आहे का, आणि त्यांना नाही म्हणून परत पाठवलेलं असायचं. दिवाळीपर्यंत हे सुधारलं नाही तर गाशा गुंडाळायचा आणि हॉस्पिटलात जाऊन पुन्हा हजेरीचं बोट टेकवायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

न येणाऱ्यांना फोन करायचं काम चंपाताईंचं. चंपाताई आधी एका शाळेत शिपाई होत्या, त्यामुळे फोनवर त्यांचा आवाज तिसरीच्या वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखा निघायचा. "का आला नाहीत?" एवढंच विचारायच्या. पण ते असं विचारायच्या की समोरच्याला थाप मारण्यावाचून गत्यंतर नसे. मग काय, एका वर्षात क्लिनिकच्या पेशंटांच्या घरी माणसं मरण्याचा सपाटा लागला. एका बाईंच्या सासूबाई मार्चमध्ये वारल्या आणि जुलैमध्ये पुन्हा वारल्या. मधल्या काळात त्या सासूबाई स्वतः टाचदुखीसाठी येऊन गेल्या होत्या.

"थाप मारलेला माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही, डॉक्टर," दीनानाथ आगाशे दांडे धरून डावा पाय उचलता उचलता म्हणाले होते. "तुम्ही एक वेळ वाचवायला फोन करता, आणि अख्खा पेशंट घालवता."

आगाशे काका म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. बत्तीस वर्षं खात्याच्या नोटिसांचे मसुदे लिहिले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा सलिल बंगळूरला, आणि गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सव्वा अकरा. बाराही महिने ते अकराला हजर. पंधरा मिनिटं बाकावर बसून पेपर वाचायचे आणि पेपरातल्या चुका चंपाताईंना सांगायचे. चंपाताईंना त्यात काडीचा रस नव्हता, पण ऐकून घ्यायच्या. काका आले नाहीत तर अकरा वाजले हे त्यांना कळणार कसं.

"मग काय करू काका? सोडून देऊ?"

"नियम करा. पण असा करा की लोक मान्य करतील. दंड एकाच बाजूला असला की त्याला जाच म्हणतात."

आणि पुढच्या मंगळवारी ते फुलस्केप कागदावर मसुदा घेऊन आले. उजव्या हाताचं अक्षर, खाली रेघ मारलेली.

मसुदा झकास होता, यात वाद नाही. दोन दिवस आधी मोबाइलवर आठवण जावी, म्हणजे ज्याला जमणार नाही त्याला बदलायला सवड राहते. दुसरी आठवण त्या दिवशी सकाळी. वेळ घेताना दोनशे रुपये अनामत, जी त्या दिवसाच्या फीमध्येच वळती व्हावी, म्हणजे येणाऱ्याच्या खिशाला काहीच चाट नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवलं तर पूर्ण परत, त्यानंतर नाही. सहा महिन्यांत एक चूक माफ. दहा मिनिटं वाट बघून वेळ दुसऱ्याला द्यावी, आणि त्यासाठी आयत्या वेळी येऊ शकणाऱ्या जवळच्या पेशंटांची एक वेगळी यादी ठेवावी. आणि ज्या कलमानं सगळं बदललं ते हे: डॉक्टरांनी पेशंटला वीस मिनिटांहून जास्त ताटकळत ठेवलं, किंवा आयत्या वेळी वेळ रद्द केली, तर तेच दोनशे रुपये डॉक्टरांनी सोडावेत.

"हे मला महागात पडेल," शर्मिला म्हणाली.

"पडू दे. त्याशिवाय ते तुमचं ऐकणार नाहीत."

शेवटचं कलम होतं: न आल्यास कारण विचारले जाणार नाही, मात्र आपण सुखरूप आहात ना एवढे विचारण्यासाठी एक फोन केला जाईल.

बोर्ड करणाऱ्यानं सांगितलं, मॅडम, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत एवढं मावत नाही. कुठेतरी कापा. शर्मिलानं ते शेवटचं अर्धं वाक्य कापलं. तिला कारणही होतं. चंपाताईंच्या तोंडी 'सुखरूप आहात ना' दोन दिवस टिकलं असतं, तिसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा 'का आला नाहीत' झालं असतं. आणि लोकांना जर मनापासून काही नको होतं, तर तो फोन. तेव्हा बोर्डावर राहिलं ते इतकंच, न आल्यास कारण विचारले जाणार नाही.

आगाशे काकांनी चष्मा वर करून बोर्ड वाचला.

"अर्धं वाक्य गाळलंत."

"मावेना काका."

"हं. आमच्या खात्यातही मावत नसे," असं म्हणून ते दांड्यांकडे गेले.

पहिला महिना नुसत्या आठवणी पाठवल्या. अकराच्या जागी सहा जण बुडवायला लागले, म्हणजे निम्मे लोक खरंच विसरत होते, बिचारे. मग अनामत सुरू केली. कुरकुर झालीच. "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" असं एका जोश्यांनी विचारलं. चंपाताईंनी बोर्डाकडे बोट दाखवलं आणि उलट म्हणाल्या, "आमच्यावर तुमचा नाही म्हणून आम्हीपण भरतोय." त्या आठवड्यात शर्मिलाला एकदा खरंच तीस मिनिटं उशीर झाला आणि तिनं न मागता दोनशे रुपये सोडले. ही बातमी सोसायटीच्या बाकांवरून फिरली, आणि कुरकुर बंद. दसऱ्यापर्यंत आठवड्याला दोन, फार तर तीन. त्याही बहुतेक वेळा यादीतल्या कुणीतरी भरून निघायच्या. थापा संपल्या. सासूबाई मरायच्या थांबल्या. शर्मिलानं वडलांना फोन करून सांगितलं की चालेल आता हे.

एकच बारीकशी गोष्ट. आगाशे काकांकडे बटणांचा फोन. त्यावर लिंक उघडून अनामत भरणं वगैरे होणार नाही. म्हणून चंपाताईंनी कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या नावापुढे सलिलचा नंबर घातला. घरोघरी हेच असतं की. गॅस, बँक, औषधं, सगळ्याला मुलाचा नंबर. आठवण बंगळूरला जायची, सलिल दोनशे रुपये भरायचा, 'येणार असल्यास १ दाबा' म्हटलं की एक दाबायचा. वडलांना तो विचारायचाही नाही, कारण वडील जाणारच. काकांना आठवणीची गरजच नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल केलेले असत.

तर तो गुरुवार. अकरा वाजले, बाक रिकामा. चंपाताईंनी दाराकडे पाहिलं. अकरा दहा. सव्वा अकरा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आगाशे यांच्यापुढे हिरवी खूण, म्हणजे येणार असं कळवलेलं.

अकरा पंचवीसला चंपाताईंनी आपली जुनी वही काढली. तिच्या मागच्या पानावर काकांच्या बटणांच्या फोनचा नंबर होता.

"मॅडम, एक फोन लावते काकांना."

शर्मिला एका आजींच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. मान न वळवता ती म्हणाली, "चंपाताई, नियम."

"पण ते अकराला येतात."

"येतात ना? मग एखाद दिवस नसेल यायचं. एक चूक सगळ्यांना माफ आहे. आपण त्यांना सूट दिली की बाकीच्यांना काय सांगणार? आणि हा नियम त्यांनीच लिहिलाय."

चंपाताईंनी वही मिटली. यादीतला पहिला नंबर लावला. समोरच्या बिल्डिंगमधल्या शेफाली, कॉलेजात शिकवणाऱ्या, खांदा आखडलेला, कधीही बोलवा म्हणालेल्या. तीन मिनिटांत ओढणी सावरत हजर. अकरा अठ्ठावीस. शर्मिलानं घड्याळ पाहिलं, तेरा मिनिटं, आणि तिला वाटलं, वा, बसली घडी.

पूर्वीचं वर्ष असतं तर सव्वा अकरा ते बारा तो पलंग रिकामा पडून राहिला असता. ती चादर बघून बघून दोघींना चैन पडलं नसतं. चंपाताईंनी चिडून चार फोन केले असते, आणि काकांचा फोन नुसता वाजत राहिला असता तर पदर खोचून त्या त्यांच्या घरापर्यंत गेल्या असत्या. आता पलंगावर शेफाली होत्या, नंतर पुढचा पेशंट आला, आणि काका आले नाहीत हे दुपारपर्यंत दोघी विसरूनही गेल्या.

कॉम्प्युटरनं आपलं काम केलं. बंगळूरला मेसेज गेला: आज आपण येऊ शकला नाहीत. ही पहिलीच वेळ असल्याने आपली अनामत पुढील भेटीसाठी धरली आहे. कारण कळवण्याची आवश्यकता नाही.

शनिवारी अकरा वाजले आणि बाक पुन्हा रिकामा. सव्वा अकराला चंपाताई उठल्या. यावेळी त्यांनी विचारलं नाही. चपला घातल्या आणि निघाल्या. शर्मिलानं त्यांना अडवलं नाही.

दार आतून बंद. समोरचा फ्लॅट महिनाभर कुलपात. भांडी घासणाऱ्या हिराबाई बुधवारीच गावाला गेलेल्या. वॉचमन आला, सोसायटीचे सेक्रेटरी आले, मग पोलीस, मग किल्लीवाला. चंपाताई शेवटपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या आणि परत येऊन बाकावर बसल्या. तिथेच, जिथे काका पेपर वाचायचे.

"कसं झालं?" शर्मिलानं विचारलं.

"उजव्या पायात बूट होता, मॅडम. डाव्याचा हातात. इथं यायलाच निघाले होते. पिशवीत टॉवेल भरलेला."

पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज पडला तो असा. गुरुवारी सकाळी बूट घालताना तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. जीव गेला शुक्रवारी संध्याकाळच्या सुमाराला. फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता. काका चपलांच्या कपाटापासून दाराच्या दिशेनं चार-पाच फूट सरकलेले होते, उजव्या कोपरावर भार देऊन, कुशीवर. पडलात तर आरडाओरडा करण्यात दम घालवू नका, असं कोपरावर सरकत दार गाठा, हे शर्मिलानंच त्यांना उन्हाळ्यात शिकवलं होतं. तीन वेळा करून घेतलं होतं. तिसऱ्यांदा ते म्हणाले होते, "जमलं की. आता पडायला हरकत नाही."

त्या दिवसाचे बाकीचे पेशंट शर्मिलानं केले. हात चालत होते. मध्येच एकदा ती आतल्या खोलीत गेली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबावा तशी ओढणी कोंबून रडली, मग चेहरा धुऊन बाहेर आली. बोर्डाकडे तिला बघवेना. दीड दिवस. दीड दिवस माणूस दाराकडे बघत पडून होता, आणि दाराबाहेरच्या जगात तिला आणि चंपाताईंना ठाऊक होतं की तो कुठेतरी पोचायचा होता आणि पोचला नाही.

सोमवारी साडेपाचच्या सुमाराला सलिल आला. चाळिशीचा, दाढी वाढलेली. दारातच थांबला.

"सुतक आहे. आत येत नाही."

"या हो. आम्ही नाही पाळत," चंपाताई म्हणाल्या. पण तो बाहेरच उभा राहिला, तेव्हा शर्मिला बाहेर गेली.

"गुरुवारचा मेसेज आला होता मला," तो म्हणाला. "मीटिंगमध्ये होतो. वाचलं, कारण कळवण्याची आवश्यकता नाही. म्हटलं बाबांनी कंटाळा केला असेल. बुधवारी आमची थोडी बोलाचाली झाली होती, बंगळूरला या म्हणून. म्हटलं रागात असतील, रविवारी करू फोन." त्यानं खिशातला फोन चाचपला. "सकाळी मीच एक दाबलं होतं. येणार म्हणून."

शर्मिलानं चंपाताईंकडे पाहिलं.

"बाबा सांगायचे तुमच्या नियमांबद्दल. फार खूश होते. म्हणायचे, निवृत्तीनंतरचा माझा एकमेव मसुदा, जो कुणीतरी वाचला. ते कारण न विचारायचं त्यांचंच ना? म्हणजे त्यांच्याच नियमानं..."

आता इथे शर्मिलानं हो म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? माणूस गेलेला. मुलगा परत बंगळूरला जाणार. नियम बापानंच लिहिला होता असं म्हणून त्यानं नशिबाला बोल लावला असता आणि तिची सुटका झाली असती. तिच्या जिभेवर ते हो आलंही होतं. पण ती आत गेली, खण उघडला आणि फुलस्केप कागद आणून त्याच्या हातात दिला.

"शेवटचं कलम बघा. पुढचं अर्धं मी कापलं. बोर्डावर मावत नव्हतं."

सलिलनं वाचलं. पुन्हा वाचलं. वडलांच्या अक्षराखालच्या रेघेवरून त्यानं अंगठा फिरवला. शर्मिला वाट बघत उभी होती. त्यानं शिव्या दिल्या असत्या, ओरडला असता, पोलिसांत जातो म्हणाला असता, तर तिनं ते पदरात घेतलं असतं. तिला तेच हवं होतं.

"आणि गुरुवारी चंपाताई फोन करत होत्या," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं."

सलिलनं कागदाची चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला.

"बाबांची उद्याची वेळ आहे तुमच्याकडे," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी सरळ होता, बँकेच्या खिडकीशी बोलावं तसा. "मंगळवार, सव्वा अकरा. कालपासून मेसेज येऊन पडलाय, एक दाबा नाहीतर दोन दाबा. माझं बोट होत नाहीये. तुम्हीच रद्द करा. सहा वाजायचेत ना अजून?"

"वाजायचेत," शर्मिला म्हणाली.

"मग मुदतीत आहे."

टेबलाशी चंपाताईंनी आगाशे हे नाव शोधलं, उद्याच्या वेळेवर आल्या आणि रद्दचं बटण दाबलं. दारात सलिलच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो काढून वाचला, आणि पडदा शर्मिलासमोर धरला.

वेळेत कळवल्याबद्दल आभारी आहोत. आपली वेळ गरजू पेशंटला देता येईल.